न झालेल्या चुकीचं श्रेय कॅप्शनमध्ये कसं द्यायचं?

प्रश्न: वाशीला आमची कस्टम क्लिअरन्सची चाळीस-पंचेचाळीस माणसांची कंपनी आहे. डॉक्युमेंटेशनमधल्या एका ताईंना असिस्टंट मॅनेजर केलंय. लिंक्डइनच्या कंपनी पेजवर अभिनंदनाची कॅप्शन मला लिहायची आहे. सर म्हणाले, "मेहनती, प्रामाणिक असलं काही नको, तिने खरंच काय केलं ते लिही." पण त्यांचं काम म्हणजे चुका होऊ न देणं. न झालेल्या चुकीबद्दल लिहायचं तरी काय?

उत्तर:

न झालेल्या चुकीबद्दल लिहूच नका. ती होऊ नये म्हणून ताईंनी ऑफिसच्या रोजच्या कामात काय बदललं, ते लिहा. चूक दिसत नसली तरी तो बदल दिसतो. त्याला जागा असते, तारीख असते आणि तो वापरणारी माणसं असतात. तो बदल काय, हे शोधायलाच तुमचा नव्वद टक्के वेळ जाईल. लिहायला अर्धा तास पुरतो.

मी अठरा वर्षं बेलापूर, महापे आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांसाठी हे काम करते आहे. त्यात सगळ्यात अवघड कॅप्शन मला डॉक्युमेंटेशन, अकाउंट्स आणि क्वालिटीच्या लोकांच्या वाटतात. सेल्सवाल्याने ऑर्डर आणली की वाक्य तयारच असतं. यांचं काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि मग लिहिणारा फ्लेक्सवरच्या भाषेकडे वळतो. तुमच्यासारखाच एक प्रसंग माझ्या हाताखालून गेला आहे. बेलापूरची कंपनी, तीही कस्टम ब्रोकरच, आणि डॉक्युमेंटेशनच्याच ताई. तोच उलगडून सांगते. नावाच्या जागी रेघ ठेवते.

साहेबांकडून मला पहिल्यांदा आलेला मजकूर असा होता:

"आमच्या मेहनती, प्रामाणिक व सदैव हसतमुख सहकारी ______ यांची असिस्टंट मॅनेजरपदी बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! त्यांच्या अथक परिश्रमांमुळे कंपनीने यशाची नवी शिखरं गाठली. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!"

या रेघेवर अकाउंटंटचं नाव घाला, ड्रायव्हरचं घाला, शेजारच्या कंपनीतल्या कोणाचंही घाला. मजकुराला काहीच होत नाही. मी प्रत्येक कॅप्शनला ही परीक्षा लावते. नाव बदललं की मजकूर खोटा पडला पाहिजे, तरच तो त्या माणसाबद्दल आहे.

मग मी तीन जणांशी बोलले: साहेब, ताई स्वतः आणि डॉकवर जाणारा एक मुलगा. हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा. ज्याला त्या कामाचा फायदा होतो पण जो त्या टेबलावर बसत नाही, असा कोणीतरी हवा. साहेबांना माणूस चांगला आहे एवढंच माहीत असतं, आणि स्वतः ताईंना आपण विशेष काही केलं असं वाटत नाही. त्यांना विचारलं तर हमखास उत्तर येतं, "माझं कामच आहे ते." डॉकवरच्या मुलाला मात्र नेमकं ठाऊक असतं, कारण कागद चुकला तर उन्हात उभं राहणारा तो असतो.

साहेबांना मी विचारलं, "ताई आठवडाभर रजेवर गेल्या तर काय अडतं?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "आता तसं काही अडत नाही. तो पिवळा कागद असतो ना प्रत्येक फाईलवर." हीच ती गोष्ट होती. ती त्यांना सांगण्यासारखी वाटली नव्हती, कारण चार वर्षांत ती भिंतीसारखी झाली होती. रजेचा प्रश्न जरूर विचारा. माणूस नसताना जे अडतं त्यातून त्याचं कौशल्य कळतं, आणि माणूस नसतानाही जे चालू राहतं ते त्याने कंपनीला दिलेलं असतं. बढतीच्या कॅप्शनला दुसरं जास्त उपयोगी, कारण बढती मिळते ती बहुधा त्यासाठीच.

पिवळा कागद म्हणजे अर्ध्या पानाचा तक्ता. इम्पोर्टच्या फाईलमध्ये चूक कुठे होते ते ताईंनी पाच रकान्यांत लिहून काढलं होतं: इनव्हॉइस नंबर, ग्रॉस वेट, नग, एचएस कोड आणि ओरिजिन सर्टिफिकेट. बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट समोरासमोर ठेवून हे पाचही जुळल्याशिवाय चेकलिस्ट क्लायंटकडे मंजुरीला जायची नाही. दुसरा बदल वेळेचा होता. आधी कागद जहाज पोचायच्या सुमारास तपासले जायचे. ताईंनी ते जहाज तिकडून निघाल्याबरोबर मागवायला सुरुवात केली.

याचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको, पण कॅप्शन वाचणाऱ्या ताईंच्या घरच्यांना आणि मित्रमंडळींना ते ठाऊक नसतं. २०२१ पासून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लागतात. म्हणजे न्हावा शेव्याला जहाज लागल्यावर सापडलेली चूक उशिराच सापडलेली असते. हा सगळा नियम कॅप्शनमध्ये घालायचा नाही. पण तुम्हाला तो माहीत असेल तर "वेळेच्या आत" हे दोन शब्द कुठे टाकायचे ते कळतं.

मग मी ताईंकडे गेले. त्यांना "तुमचं योगदान काय" असं विचारलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या. मी म्हटलं, "ताई, या कागदामुळे पकडलेली एखादी चूक सांगा, जी आठवली की अजून धस्स होतं." त्यांनी लगेच सांगितली. आग्नेय आशियातून माल येत होता. आपल्या व्यापार करारामुळे त्यावर ड्युटीत सवलत होती आणि त्यासाठी ओरिजिन सर्टिफिकेट लागतं. इनव्हॉइसचे शेवटचे आकडे होते ०३१७ आणि सर्टिफिकेटवर छापलं होतं ०३७१. दोन आकडे उलटे. क्लायंटच्या नजरेतून सुटलं होतं, तिकडच्या सप्लायरच्याही सुटलं होतं. जहाज अजून समुद्रात होतं, म्हणून तिकडून दुरुस्त सर्टिफिकेट मागवता आलं. हे इथे आल्यावर निघालं असतं तर सवलतीवर प्रश्न उभा राहिला असता, आणि तो सुटेपर्यंत कंटेनर सीएफएसला भाडं भरत पडून राहिला असता.

बोलता बोलता ताई बोटाने टेबलावर ते आकडे लिहून दाखवत होत्या. इतक्या महिन्यांनी त्यांना ते पाठ होते. अशी एक घटना मिळाली की दुसरी शोधू नका. कॅप्शनमध्ये एकच घटना मावते. दोन घातल्या की यादी होते आणि दोन्ही पुसट होतात.

आता आकड्यांबद्दल. साहेबांना हवं होतं, "यांच्यामुळे लेट चार्ज ऐंशी टक्क्यांनी घटले." मी अकाउंट्समधून लेजर मागवलं. आधीच्या वर्षी अकरा फाईलींना लेट चार्ज लागला होता, त्या वर्षी दोन. ऐंशी टक्के म्हणायला हरकत दिसत नव्हती. पण त्या अकरापैकी पाच एकाच क्लायंटच्या निघाल्या, जो बँकेतून कागद सोडवायलाच उशीर करायचा, आणि तो क्लायंट मधल्या काळात दुसरीकडे गेला होता. म्हणजे घट खरी होती, पण सगळी ताईंच्या कागदामुळे नव्हती. मी आकडा काढून टाकला. साहेबांना वाईट वाटलं, पण पटलं. आकडा घालायचा असेल तर आधी विचारा की त्याच काळात आणखी काय बदललं: क्लायंट, माणसं, सॉफ्टवेअर, नियम? उत्तर नीट मिळालं नाही तर आकड्याशिवाय लिहा. कंपनीतल्या लोकांना खरा हिशोब माहीत असतो. फुगवलेला आकडा वाचून ते ताईंकडेच वेगळ्या नजरेने बघतात, आणि ते ताईंनी का सोसावं?

आणखी एक अडचण आकड्यातच दडलेली असते. "लेट चार्ज कमी झाले" याचा दुसरा अर्थ "आधी आमच्याकडून लागत होते" असाही होतो. तुमचे क्लायंट ते पेज बघतात. सुधारणा लिहिताना जुनी चूक जाहीर करायची गरज नसते. "आधी आम्ही अमुक वेळी तपासायचो, आता तमुक वेळी तपासतो" असं लिहिलं की बदल कळतो आणि कोणाचा जुना दंड उकरला जात नाही.

साहेबांनी आणखी एक वाक्य सुचवलं होतं आणि त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं: "कस्टममध्ये यांच्या चांगल्या ओळखी असल्याने काम कधी अडत नाही." हे मी तिथल्या तिथे खोडलं. तुमच्या धंद्यात हे वाक्य कंपनीच्या पेजवर कधीही जाता कामा नये. कस्टम ब्रोकरच्या लायसन्सचे २०१८ चे नियम आहेत, त्यातल्या दहाव्या नियमात अधिकाऱ्यांवर आमिषाने किंवा भेटवस्तूने प्रभाव टाकायला साफ मनाई आहे. ताईंचं काम कागद चोख असल्यामुळे अडत नाही. ओळखींचा उल्लेख केला की त्यांचं सगळं श्रेय जातं, आणि वर नको ती शंका उरते.

दुसरं एक वाक्य ऑफिसातल्याच एका मैत्रिणीने प्रेमाने सुचवलं होतं. "घर आणि दोन मुलं सांभाळून, रोज डोंबिवलीहून ठाण्याला येऊन पुढे ट्रान्स-हार्बरची गर्दी झेलत त्यांनी ही मजल मारली." मलाही ते वाचून आत हललं, कारण ती गर्दी मी स्वतः झेलली आहे. तरी ते काढलं. त्याच महिन्यात एका पुरुष सहकाऱ्यालाही बढती मिळाली होती. त्याच्या कॅप्शनमध्ये कोणी "घर सांभाळून" लिहिलं नव्हतं. बाईच्या बढतीत तिच्या घरकामाचं कौतुक आलं की तिचं ऑफिसचं काम मागे सरकतं. ताईंना स्वतःहून ते सांगायचं असेल तर त्या स्वतःच्या पोस्टमध्ये सांगतील, तो त्यांचा हक्क आहे. कंपनीने टेबलावरच्या कामाबद्दलच बोलावं.

एवढं झाल्यावर लिहायला बसले. शेवटी गेलेला मजकूर हा:

"फाईलवर पिवळा कागद नसेल तर आमच्याकडे बिल ऑफ एंट्री पुढे जात नाही. तो कागद ______ यांनी बनवला.

इम्पोर्टची कागदपत्रं पूर्वी आम्ही जहाज पोचायच्या सुमारास तपासायचो. चार वर्षांपूर्वी ______ यांनी ती जहाज निघाल्याबरोबर मागवायला सुरुवात केली आणि चूक नेमकी कुठे होते ते अर्ध्या पानावर लिहून काढलं. गेल्या पावसाळ्यात त्याच तपासणीत एका सर्टिफिकेटवर उलटे छापलेले दोन आकडे त्यांना दिसले. जहाज अजून समुद्रात होतं, त्यामुळे दुरुस्त कागद वेळेच्या आत आला आणि माल बंदरावर थांबला नाही.

आज डॉक्युमेंटेशनच्या सहाही टेबलांवर तो पिवळा कागद आहे. त्यातला सील नंबरचा रकाना आमच्या डॉकवरच्या टीमने सुचवला.

१ तारखेपासून ______ असिस्टंट मॅनेजर, डॉक्युमेंटेशन म्हणून काम पाहतील. नव्या मुलांना फाईल वाचायला शिकवणं आता त्यांच्याकडे. अभिनंदन, ताई!"

यात एकही विशेषण त्यांच्या स्वभावाला लावलेलं नाही. मागवायला सुरुवात केली, लिहून काढलं, दिसले: सगळी क्रियापदं. वाचणारा स्वतःच म्हणतो की बाई किती सावध आहे. तो शब्द आपण लिहिला असता तर त्याला म्हणायला काही उरलं नसतं. देशाचं नाव, मालाचं नाव आणि क्लायंटचं नाव यातलं काहीही मजकुरात नाही. आपल्या लाईनमधला माणूस देश आणि माल या दोनच गोष्टींवरून क्लायंट ओळखतो, आणि क्लायंटशी केलेल्या करारात बहुधा गोपनीयतेचं कलम असतं. "एका सर्टिफिकेटवर" एवढ्यानेही घटना खरी वाटते, कारण उलटे छापलेले दोन आकडे वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतात.

पहिल्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. लिंक्डइनच्या पोस्टला ३,००० अक्षरांपर्यंत जागा असते, पण मोबाईलवर पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात. त्या ओळी "कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की" मध्ये गेल्या तर ताई दिसायच्या आधीच वाचणारा पुढे सरकतो. त्यांनी केलेल्या गोष्टीने सुरुवात करा. अभिनंदन शेवटी आलं तरी चालतं, तोवर ते कशाबद्दल आहे हे कळलेलं असतं.

आता सील नंबरच्या त्या वाक्याबद्दल, कारण ते माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हतं. मजकूर पेजवर टाकायच्या आधी मी तो ताईंना पाठवते आणि तीन प्रश्न विचारते. यात काही चुकीचं आहे का? काही काढायचं आहे का? कोणाचं राहिलं आहे का? तिसरा प्रश्न विचारायला मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी महापेच्या एका कंपनीत मी एका मशीनच्या सेटिंगचं पूर्ण श्रेय एकाच सुपरवायझरला दिलं. ते काम तिघांनी रात्रपाळीला मिळून केलं होतं. पोस्टवर कौतुकाचा पाऊस पडला आणि शॉप फ्लोअरवर त्या सुपरवायझरशी बाकीचे दोघं बोलेनासे झाले. त्याने कुठलंही श्रेय मागितलं नव्हतं. मी त्याला न विचारता देऊन टाकलं, आणि त्याची किंमत त्याने मोजली. ती गोष्ट मला अजून टोचते.

बेलापूरच्या ताईंनी तिसऱ्या प्रश्नावर लगेच फोन केला. म्हणाल्या, "मॅडम, माझे पाच रकाने. सहावा सील नंबरचा आहे ना, तो डॉकवरच्या मुलांचा. गेटवर एकदा सील जुळलं नाही तेव्हा त्यांनी सांगितलं की हेपण घाला." मी वाक्य घातलं. पोस्ट गेल्यावर डॉकवरच्या मुलांनी ती आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवली. "टीमच्या सहकार्याने" असं मोघम लिहिलं असतं तर हे झालं नसतं. श्रेय वाटायचं असेल तर कोणाला कशाचं ते सांगावं लागतं.

बढतीचं पत्र हातात पडल्यावर आणि टीमला सांगून झाल्यावरच पोस्ट टाका. पद पत्रात जसं आहे तसंच लिहा, "मॅनेजर" म्हणून वाढवू नका. टॅग करण्याआधी ताईंना विचारा. काहींना आपलं प्रोफाईल अनोळखी लोकांसमोर आलेलं नको असतं. हो म्हणाल्या तर @ टाइप करून यादीतून त्यांचं नाव निवडा. नुसतं हाताने लिहिलेलं नाव टॅग होत नाही.

आणि फोटो. ताई टेबलावर बसलेल्या, हातात तो तक्ता किंवा फाईल, असा फोटो पुष्पगुच्छ घेतलेल्या फोटोपेक्षा चांगला. पण काढताना मागचा स्क्रीन बंद करा आणि टेबलावरचे कागद पालथे घाला. बेलापूरला आमच्या पहिल्या फोटोत ताईंच्या खांद्यामागे मॉनिटरवर एक कंटेनर नंबर स्पष्ट वाचता येत होता, चार अक्षरं आणि सात आकडे. तेवढ्यावरून शिपिंग लाईनच्या साईटवर कोणीही तो कंटेनर कुठून निघाला आणि कुठे आहे ते बघू शकतं. मजकुरातून आम्ही देशाचं नाव काळजीपूर्वक काढलं होतं आणि फोटोत ते उघडं पडलं असतं. हेही ताईंच्याच लक्षात आलं. फोटो दुसऱ्यांदा काढला, मागे फक्त भिंत आणि त्या भिंतीवर चिकटवलेला कोरा पिवळा कागद.